गॅरंटी न देताही सापडणारा व्हिडिओ

‘दरमहा ५००० भरा, १५ वर्षांत २५ लाख मिळवा, १००% गॅरंटी!’ यूट्यूबवर म्युच्युअल फंडाच्या एसआयपीबद्दल शोधायला गेलं की या धाटणीची शीर्षकं समोर येतात. व्हिडिओ करणाऱ्यांचं म्हणणं असतं की असं लिहिलं नाही तर कुणी बघतच नाही. मला हे पटत नाही.

हे शीर्षक सुटं करून पाहा. एसआयपीची माहिती हवी असलेला माणूस सर्चमध्ये काय टाइप करतो? विषय, रक्कम, मुदत आणि एखादा प्रश्न. बरेच जण तर मराठीही रोमन अक्षरांत लिहितात: ‘sip mhanje kay’, ‘5000 sip 15 years’. वरच्या शीर्षकात शोधाला जुळणारे भाग दोनच आहेत, ५००० आणि १५ वर्षे. ‘एसआयपी’ हा मुख्य शब्द तर त्यात नाहीच. ‘मिळवा’ आणि ‘१००% गॅरंटी’ काढून टाकले तरी शोधाच्या दृष्टीने फारसं काही कमी होत नाही. तिथे ‘SIP’ लिहिलं तर उलट फायदाच.

आता हिशोब. दरमहा ५००० रुपये १५ वर्षं भरले की खिशातून ९ लाख जातात. वर्षाला १२ टक्के परतावा धरून महिन्याच्या चक्रवाढीने मोजलं तर साधारण २५ लाख २० हजार होतात. शीर्षकातले २५ लाख इथून आले. पण १२ टक्के हे गृहीतक आहे, कुणी दिलेला शब्द नाही. ८ टक्के धरले तर हीच रक्कम १७ लाख ४० हजारांच्या आसपास येते आणि ४ टक्के धरले तर १२ लाख ३० हजारांच्या. शिवाय बाजार दरवर्षी सारखा चालत नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना टेकलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या घरात होता. अशी पडझड नेमकी पंधराव्या वर्षी आली तर तक्त्यातला आकडा आणि खात्यातला आकडा यांत मोठी तफावत पडते.

त्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे ‘१७ लाख की २५ लाख?’ असं विचारणं. पहिल्या शीर्षकापेक्षा हे बरं आहे, पण वाचणारा त्याचा अर्थ ‘निदान १७ तरी नक्की’ असा घेतो. आश्वासन फक्त लहान झालं, गेलं नाही. म्हणून मी शीर्षकात रकमेऐवजी गृहीतक ठेवीन:

‘5000 ची SIP 15 वर्षे केली तर किती होतात? 4%, 8% आणि 12% चा हिशोब | SIP Marathi’

यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरं देतं आणि हे त्यात आरामात बसतं. मोबाइलवर मात्र शेवटचा भाग अनेकदा कापला जातो, म्हणून विषय, रक्कम आणि मुदत सुरुवातीलाच आली. ‘केली तर’ मुळे अट उघडी राहिली. आकडे मुद्दाम इंग्रजी ठेवले, कारण कीबोर्डवरून लोक बहुधा तेच टाइप करतात. उत्तर शीर्षकात नसल्यामुळे उत्सुकताही टिकली, आणि ती व्हिडिओ खरोखर भागवणार आहे.

शीर्षक इतकं जपून लिहायचं आणि थंबनेलवर लाल अक्षरांत ‘२५ लाख पक्के’ टाकायचं, ही चूक सर्रास होते. बघणाऱ्याची नजर आधी थंबनेलवर जाते, तेव्हा आश्वासन तिथूनच दिलं जातं. थंबनेलवर तीन टक्केवाऱ्या आणि त्यांचे तीन आकडे शेजारी शेजारी पुरेत.

वर्णनाला ५००० अक्षरांची जागा असते, पण ‘अधिक’वर बोट ठेवण्याआधी दिसतात त्या पहिल्या एकदोन ओळी. तिथे ‘नमस्कार मित्रांनो, चॅनेलवर स्वागत’ लिहिलं तर ती जागा वाया गेली. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘म्युच्युअल फंडात दरमहा ५००० रुपयांची SIP १५ वर्षे केली तर ४, ८ आणि १२ टक्के दराने किती रक्कम होईल, याचा हिशोब. हे दर फक्त समजण्यासाठी धरले आहेत. परतावा बाजारावर अवलंबून असतो आणि मुद्दलही कमी होऊ शकतं.’ पहिल्या वाक्यात शोधाचे सगळे शब्द आले आणि पुढच्या दोन वाक्यांत जोखीम. जोखमीची सूचना तळाशी, वीस लिंकांच्या खाली टाकली तर कुणी वाचत नाही, आणि ती व्हिडिओत तोंडानेही सांगायलाच हवी.

त्याखाली वेळेनुसार भाग द्यावेत. पहिली नोंद 00:00 ची, किमान तीन नोंदी आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा असला की यूट्यूब त्यांची प्रकरणं करतं. ‘02:10 १२% कुठून आले?’, ‘05:40 महागाई धरली तर’ अशी नावं दिली की वर्णनात उपयोगाचे शब्द आपसूक येतात. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर १५ वर्षांनंतरच्या त्या २५ लाखांची किंमत आजच्या साडेदहा लाखांएवढी असते. हा भाग पाहायला लोक थांबतात. वर्णनात नुसत्या शब्दांची माळ ओतणं मात्र यूट्यूबच्या धोरणाविरुद्ध आहे.

कायद्याची बाजूही आहे. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना, नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्या लोकांशी संबंध ठेवायला मनाई केली. व्हिडिओखाली डिमॅट खात्याची कमिशनवाली लिंक देणाऱ्याला याची झळ थेट बसते. अशी लिंक असेल तर ‘या लिंकवरून खातं उघडल्यास मला कमिशन मिळतं’ हे लिंकच्या वरच, साध्या मराठीत लिहावं.

‘गॅरंटी’ हा शब्दच वर्ज्य आहे असं नाही. लोक तो शोधतात, आणि तो शोधणारा बहुधा घाबरलेला किंवा एकदा फसलेला असतो. त्याच्यासाठी ‘SIP मध्ये गॅरंटी असते का? FD आणि PPF शी तुलना’ असा वेगळा व्हिडिओ करावा आणि पहिल्याच मिनिटात ‘नाही’ असं उत्तर द्यावं. बँकेतल्या ठेवीला दर बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, पीपीएफचा दर सरकार जाहीर करतं, आणि म्युच्युअल फंडात यातलं काहीच नसतं. इथे तो शब्द विचारणाऱ्याला उत्तर देण्यासाठी वापरलेला असतो.

शीर्षक जमलं की नाही हे महिनाभरात यूट्यूब स्टुडिओत कळतं. ट्रॅफिकच्या स्रोतांमध्ये ‘यूट्यूब सर्च’ उघडलं की लोक कोणते शब्द टाइप करून आले ते दिसतं. त्यातला एखादा नेमका शब्द शीर्षकात नसेल तर शीर्षक बदलावं. क्लिक भरपूर पण पहिल्या अर्ध्या मिनिटातच आलेख कोसळत असेल, तर बाहेर सांगितलेलं आणि आत दिलेलं जुळत नाही. तिसरी खूण प्रतिक्रियांत असते. ‘सर, कोणता फंड घेऊ?’ अशी विचारणा रांगेने येऊ लागली की लोकांनी हिशोबाला सल्ला समजलेलं असतं. तेव्हा सगळ्यात वर एक प्रतिक्रिया पिन करून ठेवावी: ‘या व्हिडिओत कोणत्याही फंडाची शिफारस नाही, टक्केवाऱ्या उदाहरणादाखल आहेत.’ आणि वर्णनातलं दुसरं वाक्य पहिल्या जागी आणावं.