प्रवर्तकातील एका आधारघटकाची परीक्षा

विदर्भात व सातपुड्याच्या परिसरात सिकलसेल विकाराचे जे रुग्ण आढळतात, त्यांतील बहुतेकांचे विकृत जनुक अरब-भारतीय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुणसूत्र-प्रकारावर असते. या रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण आफ्रिकेतील पुष्कळ रुग्णांपेक्षा अधिक असते. त्याच गुणसूत्रावर जी-गॅमा ग्लोबिन जनुकाच्या प्रवर्तकात, म्हणजे जनुकाच्या आरंभस्थानालगतच्या नियामक भागात, उणे १५८ व्या स्थानी सी ऐवजी टी हा आधारघटक असतो. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणून त्यांपैकी एक दुसरीचे कारण ठरत नाही. हा बदल शेजारच्या इतर बदलांच्या संगतीने पिढ्यानुपिढ्या चालत आलेला असल्यामुळे, केवळ रुग्णांची संख्या वाढवून त्याचा स्वतंत्र वाटा काढणे दुष्कर आहे. तो काढण्यासाठी ल्युसिफरेज-चाचणी योजतात.

चाचणीचे तत्त्व सोपे आहे. प्रवर्तकाचा तुकडा काजव्याच्या ल्युसिफरेज जनुकापुढे प्लास्मिडमध्ये जोडावयाचा. पेशीत प्रवर्तक जितका कार्यक्षम, तितके एंझाइम अधिक व तितका प्रकाश अधिक. सी व टी ही दोन प्लास्मिडे त्या एका आधारघटकाव्यतिरिक्त सर्वस्वी एकरूप असली पाहिजेत. म्हणून दोन व्यक्तींकडून दोन तुकडे घेण्यापेक्षा एकाच तुकड्यात उत्परिवर्तन घडवून दुसरा तयार करावा व दोन्हींचा अनुक्रम अथपासून इतिपर्यंत वाचावा. टी मुळे एक्सएमएन-१ या एंझाइमाचे छेदनस्थान निर्माण होते. त्यामुळे प्रथमदर्शनी ओळख सुलभ होते, परंतु अनुक्रमवाचनाची जागा ती घेऊ शकत नाही.

यांच्या जोडीला तीन नियंत्रक लागतात. पहिला प्रवर्तकरहित प्लास्मिड; त्यावरून पार्श्वभूमीचा प्रकाश कळतो. दुसरा त्याच तुकड्यात उणे १७५ व्या स्थानी टी चा सी केलेला. या बदलाने टीएएल-१ या नियामक प्रथिनास बसण्याची जागा निर्माण होते आणि तो वाहणाऱ्या व्यक्तींत गर्भकालीन हिमोग्लोबिन ठळकपणे वाढते. याही प्लास्मिडाचा प्रकाश वाढला नाही, तर दोष प्रयोगपद्धतीच्या ग्रहणशक्तीचा समजावा. उणे १५८ विषयी त्या प्रयोगातून काहीच म्हणता येणार नाही. तिसरा नियंत्रक म्हणजे रेनिला या सागरी प्राण्याच्या ल्युसिफरेजचे प्लास्मिड. ते स्थिर व सौम्य प्रवर्तकाखाली, काजव्याच्या प्लास्मिडाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याने, प्रत्येक कुपीत मिसळतात. प्रवर्तक प्रबळ घेतल्यास किंवा प्रमाण वाढविल्यास ते नियामक प्रथिने स्वतःकडे ओढून घेते.

रेनिलाचे प्रयोजन एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. के-५६२ या रक्तजनक पेशींत प्लास्मिडे शिरवून ४८ तासांनी पेशी फोडल्या. रिकाम्या पेशींचा प्रकाश वजा करून सी च्या कुपीत काजव्याचे वाचन ८४,००० व रेनिलाचे २,१०० आले. टी च्या कुपीत अनुक्रमे १,२६,००० व ३,००० आले. नुसते पहिले आकडे पाहता टी ने दीडपट वाढ केली, असा भास होतो. भागाकार केल्यावर मात्र सी साठी ४० व टी साठी ४२ मिळतात. प्रवर्तकरहित प्लास्मिडाचे गुणोत्तर ४ असल्यास सी ची शक्ती दहापट व टी ची साडेदहापट ठरते. दीडपटीचा बहुतेक भाग टी च्या कुपीत अधिक डीएनए शिरल्यामुळे आला होता.

तथापि हा भागाकार डोळे मिटून करू नये. एखाद्या दिवशी रेनिला कमीअधिक झाले, तर ते स्वाभाविक आहे. पण ते प्रत्येक वेळी टी च्याच कुपीत अधिक येत असेल, तर प्लास्मिडाची तयारी सदोष असल्याचा संशय घ्यावा आणि दोन्ही प्लास्मिडे नव्याने, स्वतंत्रपणे तयार करून प्रयोग पुन्हा करावा. म्हणूनच गुणोत्तराबरोबर दोन्ही मूळ वाचने प्रसिद्ध करणे योग्य. तसेच एका दिवसाच्या तीन कुपी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्यांची सरासरी हे एकच निरीक्षण होय. तुलना वेगवेगळ्या दिवशी केलेल्या स्वतंत्र प्रयोगांतील टी-सी जोड्यांची करावयाची.

आता उत्तराची मर्यादा. के-५६२ पेशींत गॅमा-ग्लोबिन आधीच कार्यरत असते, तर प्रौढाच्या रक्तपेशींत ते बहुतांशी दबलेले असते. निरोगी व्यक्तीत टी असूनही गर्भकालीन हिमोग्लोबिन सामान्यतः फारसे वाढत नाही. रक्तनिर्मितीवर ताण पडला म्हणजे त्याचा प्रभाव अधिक दिसतो. शिवाय प्लास्मिडात गुणसूत्राची क्रोमॅटिन-रचना नसते व ग्लोबिन-समूहाचे दूरस्थ नियंत्रणक्षेत्रही नसते. यास्तव सी व टी समान आढळल्यास ‘या तुकड्यात, या पेशींत, या परिस्थितीत फरक आढळला नाही’ एवढेच लिहावे. फरक आढळला, तरी तो बदल प्रवर्तकाची शक्ती पालटू शकतो एवढेच सिद्ध होते. रुग्णाच्या रक्तातील वाढ त्यामुळेच झाली, हे दाखविण्यासाठी रक्तजनक पेशींच्या गुणसूत्रावरच तो एक आधारघटक बदलून पाहावा लागेल.