केगातली रिकामी जागा

दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एडिसनला भाच्याच्या घरामागच्या अंगणात चार जुलैची पार्टी होती. पाहुणे पाचला येणार होते, आणि हा पठ्ठ्या तीन वाजता केग डिकीत आडवा टाकून घेऊन आला. केग उभा केला, वर हातपंप बसवला, नळ दाबला, तर पाऊण ग्लास फेस. एक पाहुणे म्हणाले, "दाब कमी पडतोय रे," आणि पंप मारत सुटले. जितका पंप, तितका फेस. रात्री नऊपर्यंत बरीचशी बिअर गवताला पाजून झाली होती. उरलेली आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाखली, तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली.

तेव्हा सगळा दोष पंपावर गेला. खरं तर दुखणी दोन होती. फेस आला तो मुख्यतः उकाड्यानं आणि हिसक्यांनी, पंपानं त्यात भर घातली. पुठ्ठ्याची चव मात्र पूर्णपणे पंपाची करामत.

आधी फेसाचं पाहू. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बिअर थंड असेल तर तो आत शांत बसतो, तापली की बाहेर पडायला बघतो. नेहमीच्या लागर बिअरमधला वायू ३-४ अंश सेल्सिअसला आत धरून ठेवायला साधारण १२ पीएसआय दाब पुरतो. (गाडीच्या टायरमध्ये ३२ च्या आसपास असतो, यावरून अंदाज येईल.) तीच बिअर १० अंशांवर गेली की १८ लागतो, आणि २० अंशांवर २८ च्या घरात. भाच्याचा केग तापत्या डिकीतून हिंदकळत आला होता. अशा केगाचा नळ उघडला की वायू बिअरच्या आधी धावणारच. त्यावर पंप मारणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस मोठा करणं.

म्हणून फेस आला तर आधी थर्मामीटर, मग दाब. पहिल्या ग्लासातली बिअर तापमापकानं मोजा. पहिला ग्लास नळ गरम असल्यानं फेसाळतोच, तो सोडून द्या. दुसराही फेसाळला आणि काटा ७-८ अंशांच्या वर असला, तर बर्फ वाढवून तासभर थांबण्याशिवाय इलाज नाही.

बर्फाचीही एक खुबी आहे. नुसते बर्फाचे खडे टाकले तर केगाला जेमतेम चार ठिकाणी टेकतात, मधे हवाच राहते. टबात बर्फ टाकून वर पाणी ओता. ते गार पाणी केगाला सगळीकडून लपेटतं आणि थंडावा पटपट आत नेतं. केग खांद्यापर्यंत बुडाला पाहिजे.

आता पुठ्ठा. केगातून ग्लासभर बिअर बाहेर आली की तेवढी जागा रिकामी होते, आणि ती कशानं तरी भरावीच लागते. हातपंप ती हवेनं भरतो. हवेत एकपंचमांश ऑक्सिजन. तो बिअरला मिळाला की काही तासांत ताजेपणा जातो आणि दुसऱ्या दिवशी तो शिळा वास येतो. दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड नगण्य असतो. त्यामुळे पंपानं केगात भरपूर दाब केला तरी बिअरमधला वायू हळूहळू त्या हवेत निघून जातो. काटा दाब दाखवतो आणि बिअर मात्र बसलेली! हवेचा दाब बिअरला ढकलू शकतो, तिचा जीव धरून ठेवू शकत नाही.

ती जागा कार्बन डायऑक्साइडनंच भरली तर दोन्ही प्रश्न मिटतात. थंड राहिला तर असा केग काही आठवडे टिकतो. पंपाचा केग त्याच रात्री संपवायचा. फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, तेही थंड असेल तरच.

मग पंप वाईटच का? नाही. हिशोब करा. अमेरिकेत 'सिक्स्थ बॅरल' म्हणतात तो उभट केग साडेएकोणीस लिटरचा, भरलेला २६ किलोच्या आसपास. त्यात साधारण ३५० मिलिलिटरचे ५५ ग्लास. चाळीस पिणारे असतील तर तो रात्रीतच रिकामा होईल, तिथे पंप चालेल. गेल्या वर्षी आमच्याकडे पिणारे अठरा होते. माणशी अडीच ग्लास धरले तरी दहा उरणार. त्या दहांसाठी आम्ही गॅस घेतला.

केग शुक्रवारी संध्याकाळी दुकानाच्या शीतगृहातून थेट उचलला. इथली बहुतेक ड्राफ्ट बिअर पाश्चराइज केलेली नसते, त्यामुळे ती दुकानातही थंडच ठेवलेली असते. गाडीत केग उभा बांधला. घरी येताच बर्फ-पाण्याच्या टबात ठेवला, झोपण्याआधी आणि सकाळी बर्फ वाढवला. रात्रभर तो हलला नाही. हिंदकळलेल्या केगाला शांत व्हायला निदान चार-पाच तास लागतात, रात्र मिळाली तर उत्तमच.

शनिवारी चारला कपलर बसवला. इथल्या बहुतेक केगांना 'डी' जातीचा लागतो, पण युरोपातून आलेल्यांचे वेगळे असतात, म्हणून केग घेतानाच विचारून घ्या. गॅससाठी १६ ग्रॅमची आट्यांची छोटी नळकांडी वापरली. साडेएकोणीस लिटर बिअर १२ पीएसआयनं बाहेर काढायला साधारण ७० ग्रॅम वायू लागतो, म्हणजे पाच नळकांडी. खाद्यपदार्थांसाठी असलेलीच घ्या, छऱ्याच्या बंदुकीच्या नळकांड्यांत तेलाचा अंश असू शकतो. आणि रेग्युलेटरशिवाय काही जोडू नका. सामान्य तापमानाला आतला दाब ८०० पीएसआयच्या वर असतो.

मग राहिली नळी. १२ पीएसआयवरची बिअर दोन फुटी नळीतून काढली तर ती पिचकारीसारखी उडते आणि फेसच होतो. पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची दहा फूट नळी लावली, तर घर्षणानं दाब वाटेतच उतरतो आणि नळातून धार शांत पडते. एवढी नळी नसेल तर पार्टीपुरता दाब ४-५ पीएसआयवर उतरवा. आधी केगातला जादा वायू झडप ओढून सोडा, नाहीतर रेग्युलेटर कमी करूनही आत १२ च राहील. चार तासांत थंड बिअर बसत नाही. पाहुणे गेले की दाब परत १२ वर न्यायचा.

आमच्याकडे लांब नळी होती, तरी पहिला ग्लास फेसाळला. भाच्यानं पंपाकडे बघितलं. तो पंप त्यानं घरात लपवून ठेवला होता, मागच्या वेळचे ते पाहुणे यंदाही होते ना. तिसऱ्या ग्लासापासून दोन बोटं फेस आणि खाली स्वच्छ बिअर.

उरलेले आठ-नऊ ग्लास, टबात रोज नवा बर्फ घालून, पुढच्या शनिवारी संपवले. पुठ्ठ्याची आठवणही झाली नाही. फक्त त्या आठवड्याभराच्या बर्फाचा खर्च भाच्यानं मला नंतर सांगितला, आणि आता तो जुना फ्रिज शोधतो आहे.