खिम्याला सुटणारं पाणी

खिमा पाणचट झाला की बहुतेक जण वरून चमचाभर गरम मसाला टाकून वेळ मारून नेतात. त्यानं काही साधत नाही, कारण गडबड पहिल्या दहा मिनिटांतच झालेली असते.

मांसात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. खिमा करताना त्याचे तंतू तुटतात आणि हे पाणी चटकन बाहेर पडतं. कढईत पाणी आहे तोवर खिमा १०० अंशांच्या फारसा वर तापत नाही, आणि त्याला तपकिरी रंग व खमंग वास यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणून अर्धा किलो खिमा लहान पातेल्यात एकदम ओतला की तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो आणि करडा पडतो.

धुण्याचा घोळ वेगळाच. खिमा पाण्याखाली धरला की तो स्पंजासारखं पाणी पितो. मटणाचे तुकडे आधी धुऊन, निथळून मग मटणवाल्याकडून जाडसर खिमा करून घ्यावा. धुतलेला खिमा हाती आलाच, तर चाळणीत ठेवून हलकेच दाबून घ्यावा.

अर्धा किलो मटणाच्या खिम्याला पसरट, जाड बुडाची कढई घ्या. तीन मोठे चमचे तेलात दोन बारीक चिरलेले कांदे लालसर परतून बाजूला काढा. आच मोठी ठेवून त्याच तेलात निम्मा खिमा पसरा आणि दोन-तीन मिनिटं उलथनं लावू नका. इथेच हात आवरत नाही! खालची बाजू तांबूस झाली की उलटा, गुठळ्या फोडा. मग उरलेला निम्मा. कान देऊन ऐका: खदखद ऐकू आली तर पाणी आहे, चुरचुर सुरू झाली की परतणं सुरू झालं.

आता सगळा खिमा, कांदा, आलं-लसूण, तिखट, हळद, धणेपूड एकत्र करून मिनिटभर परता. दोन टोमॅटो आणि मीठ त्यानंतरच, कारण दोन्हींमुळे पाणी सुटतं. तेल कडेला दिसलं की अर्धा कप गरम पाणी घालून बुडाशी लागलेलं खरवडून घ्या, खरी चव तिथे असते. झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. शेवटी झाकण काढून आटवा. मधोमध चमचा ओढल्यावर चरीत पाणी धावून आलं, तर अजून आटायचा आहे.

चिकनचा खिमा मात्र दहा-बारा मिनिटांत शिजतो. त्याच्या गुठळ्या लवकर होतात आणि जास्त आटवला तर तो रबरासारखा लागतो. छातीपेक्षा तंगडीच्या मांसाचा खिमा मऊ राहतो. त्याला वरून पाणी लागत नाही, टोमॅटोचा रस पुरतो.

आणि कुकर? मटण जून असेल तर खुशाल लावा, पण खिमा आधी परतून. कच्चा खिमा थेट कुकरात घातला, तर शिट्टीनंतर हाती येतं ते सूपच.