नव्वद कोटींचा डबा

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांच्या बिझनेस प्लॅनमध्ये एक पान हमखास सापडतं: बाजारपेठ इतक्या हजार कोटींची, त्यातला फक्त एक टक्का आपण घेणार. ‘फक्त’ हा शब्द नम्र वाटतो, पण गोंधळ त्याच्यातच आहे.

समजा, पुण्यात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना दुपारचा डबा पोचवायची कल्पना आहे. डबा ८० रुपयांना, महिन्याला २५ दिवस, वर्षाचे दहा महिने. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे वर्षाला २०,००० रुपये. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे ४५ लाख विद्यार्थी आहेत. गुणाकार केला की ९,००० कोटी होतात आणि त्याचा एक टक्का ९० कोटी. हेच डब्यांत मोजलं, तर रोज ४५,००० डबे! ते रांधणार कोण, हा प्रश्न परीक्षक विचारणारच.

मुळात एकूण बाजारपेठ, म्हणजे टॅम, इथेच चुकली. घरी जेवणारा विद्यार्थी डब्याचं गिऱ्हाईक नाही. ज्यांना ही गरज आहे, तेवढेच मोजायचे.

पुढची पायरी सॅम, म्हणजे आपली सेवा पोचू शकेल तेवढा बाजार. स्वयंपाकघर कोथरूडला असेल, तर गरम डबा तीनेक किलोमीटरपर्यंतच नीट जाईल. एवढा भाग पायी फिरून वसतिगृहं आणि कॉट बेसिसच्या खोल्या मोजता येतात. समजा, तिथे बाहेरगावचे ८,००० विद्यार्थी निघाले आणि त्यांतल्या ३,००० जणांना वसतिगृहाची मेस सक्तीची आहे. उरले ५,०००. त्यांची वर्षाची खरेदी १० कोटी.

यातलं आपल्या हाती किती लागेल, ते सॉम. खरी कसोटी इथे आहे. अशा शंभर जणांना विचारलं, “डबा लावाल का?” तर चाळीस जण हो म्हणतील, नाही म्हणायला कुणाला आवडतं? त्याऐवजी आठवडाभराच्या डब्याचे पैसे आगाऊ मागावेत. समजा, सहाच जणांनी दिले. मग मागणी सहा टक्के, म्हणजे ३०० डबे. ओळखीच्या मित्रांनाच विचारलं असेल, तर हा आकडाही फुगलेला असणार.

आता स्वयंपाकघराकडे बघायचं. दोन स्वयंपाकीणबाई आणि डबे पोचवणारा एक मुलगा यांच्याकडून दीडशेच डबे होत असतील, तर मागणी ३०० असली तरी पहिल्या वर्षाचा सॉम दीडशेच धरायचा: ३० लाख रुपये. हीसुद्धा विक्री आहे, नफा नव्हे; आणि परीक्षा संपताच गावी जाणारे डबा बंद करतात, म्हणून दहाऐवजी आठ महिने धरले तर ती २४ लाखांवर येते. प्लॅनमधला खर्चाचा तक्ता याच २४ लाखांवर बसवावा.