फोटो हलके करा, आलेखांना हात लावू नका

माझी भाची द्राक्षावरच्या डावणी रोगावर एमएस्सीचं काम करते. एका चर्चासत्रात तिला काम मांडायचं होतं आणि सादरीकरण आदल्या दिवशी ईमेलनं पाठवायचं होतं. संध्याकाळी तिचा फोन आला. "मावशी, स्लाइड बावीसच आहेत, पण फाइल ६८ एमबीची झालीय. आणि त्यांच्याकडे १० एमबीच्या वरची मेल जातच नाही."

तोवर तिनं दोन उपाय करून पाहिले होते. पहिल्यांदा फाइल झिप केली, तर ती जवळजवळ तेवढीच राहिली. तसं होणारच होतं, कारण पॉवरपॉइंटची pptx फाइल मुळातच झिप असते आणि तिच्यातले जेपेग फोटोही आधीच दाबलेले असतात. मग तिनं सगळ्या चित्रांना एकदम सर्वांत कमी दर्जाची सेटिंग लावली. फाइल एकदम लहान झाली, पण आलेखाच्या अक्षावरचा ६ कुठला आणि ८ कुठला हे कळेना. नशिबानं मूळ फाइल तिनं वेगळी ठेवली होती. एकदा पिक्सेल टाकून देऊन फाइल सेव्ह केली की ते परत मिळत नाहीत. त्यामुळे पहिलं काम म्हणजे प्रत काढणं, आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करायचं.

यानंतर वजन नेमकं कुठं आहे ते पाहायचं. विंडोजमध्ये फाइलच्या नावांची शेपटं दिसत नसतील, तर View मधून ती दिसतील असं करा. मग आणखी एक प्रत काढून तिच्या नावातलं .pptx खोडा आणि .zip लिहा. ती उघडली की आत ppt आणि त्याच्या आत media असं फोल्डर दिसतं. सादरीकरणातली सगळी चित्रं तिथं असतात. त्यांना आकारमानानुसार लावलं की गुन्हेगार वरच सापडतात.

भाचीच्या फाइलमध्ये दोन पीएनजी चित्रं मिळून ३४ एमबीची होती. मोबाइलवर काढलेले आठ जेपेग फोटो मिळून २८ एमबी होते. एक ५ एमबीचं चित्र तर तिच्या एकाही स्लाइडवर नव्हतं. आणि ज्यांच्यावर तिनं सर्वांत आधी कात्री चालवली होती, ते सहा आलेख मिळून १ एमबीसुद्धा भरत नव्हते.

असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. पीएनजी हा प्रकार चित्रातला एकही पिक्सेल बदलत नाही. आलेखात मोठा भाग एकसारखा पांढरा असतो, त्यामुळे त्याची पीएनजी छोटीशी होते. द्राक्षाच्या पानाच्या फोटोत मात्र प्रत्येक पिक्सेलचा हिरवा शेजारच्यापेक्षा जरा वेगळा असतो आणि ते सगळं जसंच्या तसं जपायचं म्हटलं की फाइल फुगते. जेपेग उलट वागतो. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे तो सोडून देतो. पानावर ते खपून जातं. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराभोवती आणि बारीक रेघेभोवती मात्र करडी धूळ उमटते. म्हणून फोटो जेपेगमध्ये आणि आलेख पीएनजीमध्ये, हा साधा नियम धरावा. भाचीनं दोन फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममधून कॉपी करून थेट चिकटवले होते आणि तसं करताना त्यांची पीएनजी झाली होती.

त्या दोन फोटोंवर राइट क्लिक करून तिनं Change Picture निवडलं आणि मोबाइलमधली मूळ जेपेग फाइल दिली. स्लाइडवरची जागा न हलता चित्र बदललं. प्रत्येकी १७ एमबीचं चित्र साडेतीन एमबीवर आलं.

आता राहिला प्रश्न किती पिक्सेल ठेवायचे याचा. रुंद स्लाइड १३.३३ इंचाची असते. इंचाला १५० पिक्सेल धरले तर पूर्ण स्लाइडभर फोटोला २००० पिक्सेलची रुंदी लागते, आणि फुल एचडी प्रोजेक्टर दाखवतोच १९२०. भाचीचे फोटो मात्र ४००० पिक्सेल रुंद होते आणि स्लाइडवर सहा इंचांत बसवलेले होते. तिथं ९०० पिक्सेल पुरतात.

फोटोवर क्लिक केल्यावर Picture Format या टॅबमध्ये Compress Pictures सापडतं. त्यात Apply only to this picture समोर खूण हवीच. ती काढली की आलेखांसकट सगळी चित्रं भरडली जातात, आणि भाचीचं नेमकं तेच झालं होतं. Delete cropped areas of pictures समोरही खूण ठेवा. क्रॉप केलेला भाग फक्त झाकला जातो, फाइलमधून जात नाही. एका फोटोतून भाचीनं फक्त पान कापून घेतलं होतं, पण बागेतल्या पाटीवरचं शेतकऱ्याचं नाव आत तसंच होतं. फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला क्रॉप सरकवून ते वाचता आलं असतं.

पाना-घडांच्या फोटोंना तिनं Web, म्हणजे इंचाला १५० पिक्सेल, ही पायरी दिली. सूक्ष्मदर्शकाखालच्या दोन फोटोंना मात्र ३३० ची दिली. बुरशीची फांदी आणि तिच्या टोकावरचे बीजाणू हाच तिथला पुरावा आहे. तो पुसट झाला तर त्या स्लाइडला अर्थ उरत नाही.

कुठंच न दिसणारं ते ५ एमबीचं चित्र View मधल्या Slide Master मध्ये होतं. तिनं सीनियरचा जुना साचा घेतला होता आणि त्यातल्या न वापरलेल्या एका मांडणीत पानभर फोटो होता. ती मांडणी काढून टाकली.

एवढं झाल्यावर फाइल सेव्ह करून, बंद करून पुन्हा उघडली. ती ५ एमबीच्या आसपास होती. ईमेलमध्ये जाताना जोडलेल्या फाइलच्या दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे तिचं वजन एक तृतीयांशानं वाढतं. ५ एमबीची फाइल वाटेत पावणेसात एमबी होते. म्हणून मर्यादा १० एमबीची असेल तर फाइल सातच्या आत ठेवावी. नऊ एमबीची फाइल परत येते आणि माणूस कोड्यात पडतो.

शेवटची तपासणी डोळ्यांनीच करायची. मूळ फाइल आणि हलकी फाइल शेजारी उघडून दोन्ही ४०० टक्क्यांवर मोठ्या करा. अक्षावरचे आकडे, आलेखातल्या तुटक रेषा आणि सूक्ष्मदर्शकाच्या फोटोतली मोजपट्टी पाहा. अक्षरांभोवती करडी धूळ दिसली किंवा रेघ पायऱ्यापायऱ्यांची झाली, तर तेवढंच चित्र मूळ फाइलमधून पुन्हा आणून बसवा.

भाचीचे सहाही आलेख शेवटपर्यंत जसेच्या तसे राहिले. ६८ मधले ६३ एमबी गेले ते जवळपास सगळे फोटोंमधून. तुमची फाइल मेलला जड झाली, तर कुठलंही बटण दाबण्याआधी ते media फोल्डर एकदा उघडून पाहा.