‘चालेल’ म्हणणारे चौघे

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एका सत्राचा मिनी प्रोजेक्ट असतो. रोल नंबरच्या क्रमाने चौघांचे गट पडतात, सूचनाफलकावर यादी लागते आणि एकमेकांना जेमतेम ओळखणारी मुलं चौदा आठवड्यांसाठी एकत्र बांधली जातात. असाच एक गट घेऊ: सायली, ओंकार, फरहान आणि निकिता. गट आणि नावं कल्पित आहेत. त्यांची भांडणं कुठल्याही कॉलेजच्या लॅबबाहेर ऐकू येतील. विषय मिळाला आहे मातीतला ओलावा मोजून ठिबकचा पंप आपोआप चालू-बंद करण्याचा.

अशा गटात पुढे काय होतं, याचा सर्वात गाजलेला आराखडा १९६५ सालचा आहे. ब्रूस टकमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तेव्हा मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करत होते. छोट्या गटांची वाढ कशी होते यावरचे पन्नास शोधनिबंध त्यांनी वाचले. ते बहुतांशी त्यांचे सहकारी आयर्विन ऑल्टमन यांनी जमवून ठेवलेले होते. त्यातून टकमन यांनी चार टप्पे काढले: फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग आणि परफॉर्मिंग. म्हणजे जमणं, जुंपणं, बसणं आणि चालणं. यमक इतकं सोपं जुळलं, की व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात हे चार शब्द फळ्यावर येतात आणि टकमन यांनी सांगितलेली महत्त्वाची गोष्ट नेमकी फळ्याबाहेर राहते. त्यांच्या मते प्रत्येक टप्प्याला दोन बाजू असतात. माणसं एकमेकांशी कशी वागतात ही एक, आणि हातातल्या कामाशी कशी वागतात ही दुसरी. या दोन्हींकडे एकाच वेळी पाहिलं तरच गट कुठे आहे ते कळतं.

पहिल्या तीन आठवड्यांत आपला गट फार छान चालला आहे. व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्याला नाव पडलं, कोणी काहीही सुचवलं की उरलेल्या तिघांचं उत्तर ‘चालेल’. सायली हुशार म्हणून ती गटप्रमुख. ओंकारचा हात सोल्डरिंगवर बसलेला, म्हणून जोडणी त्याची. फरहानकडे कोड आणि निकिताकडे रिपोर्ट. वाटणी पाच मिनिटांत झाली. ही फॉर्मिंगची माणसांकडची बाजू: प्रत्येक जण दुसऱ्याचा अंदाज घेतो आहे, कोणालाही नको म्हणायचं नाही. कामाकडची बाजू गाइड सरांना विचारलेल्या प्रश्नांत दिसते. ‘सर, रिपोर्ट किती पानांचा?’ ‘सर, मागच्या वर्षीची फाइल मिळेल का?’ ओलावा म्हणजे नक्की काय मोजायचं, असं कोणीच विचारत नाही. टकमन यांनी या टप्प्यात ‘अवलंबन’ नोंदवलं आहे, ते हेच. काय करायचं ते वरून कोणीतरी सांगेल अशी वाट पाहणं.

या गोडव्यात एक गोष्ट राहून गेली. फरहानचा कोड ओंकारच्या सेन्सरवर अवलंबून आहे आणि निकिताचा रिपोर्ट त्या दोघांच्या आकड्यांवर. काम चार जणांत वाटलं खरं, पण ते एकमेकांत कुठे अडकतं हे कोणी पाहिलं नाही.

ते पाचव्या आठवड्यात दिसलं. ओंकारने दोन उघड्या धातूच्या टोकांचा स्वस्त सेन्सर आणला होता. त्या टोकांमधून ओल्या मातीत सतत वीज वाहत राहिली की टोकं गंजतात आणि आकडे सरकू लागतात. परवा ज्या ओलीला सेन्सर ४१० दाखवत होता, तिलाच आज ५३०. आता खरा प्रश्न ‘आकडा का सरकला?’ असा होता. गटात तो असा विचारला गेला: ‘तुझा कोड चुकतोय.’ त्यावर उत्तर आलं, ‘तुझी वायरिंग बघ आधी.’ ओंकारला वाटलं, पदरचे पैसे घालून सामान आणलं त्याची किंमत नाही. फरहानला वाटलं, हे लोक कोड उघडूनही बघत नाहीत. सायलीने दोघांना न विचारता सरांना मेल पाठवला, तेव्हा ‘हिला लीडर कोणी केलं?’ हेही निघालं. निकिता पाच वाजताच्या एसटीने गावी जाते, म्हणून ‘ती काम टाळते’ असं ठरलं. आकडेच नसताना ती लिहिणार काय, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

हे स्टॉर्मिंग. आरडाओरडा झाला म्हणजेच वादळ, असं मात्र नाही. आपल्याकडच्या गटांत ते बहुधा मुक्यानेच होतं. मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. एकाला वगळून तिघांचा दुसरा ग्रुप निघतो. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य वाढतं आणि पहिल्या आठवड्यातल्या ‘चालेल’पेक्षा त्याचा सूर वेगळा असतो. गाइडने पाहावी अशी सर्वांत भरवशाची खूण माझ्या मते ही: कामातला दोष सांगताना वाक्याचा कर्ता माणूस झाला आहे का? ‘सेन्सर बिघडला’च्या जागी ‘ओंकारने बिघडवला’ येऊ लागलं, की गट इथे पोचला. टकमन यांनी याची कामाकडची बाजूही सांगितली आहे. काम आपल्याकडून जे मागतं, त्याला माणसं भावनेने विरोध करतात. ही बाजू उपचारगटांत सर्वांत ठळक दिसते, कारण तिथे कामच स्वतःबद्दल बोलण्याचं असतं. पण तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ‘तुझा कोड चुकला’ हे स्वतःबद्दलच बोलल्यासारखं वाटतं.

सातव्या आठवड्यात पहिला रिव्ह्यू. सरांनी पडद्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘पाचशे म्हणजे किती ओलावा?’ चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. चौघांनाही येत नव्हतं, ही त्या सत्रातली या गटाची पहिली सामाईक गोष्ट.

त्या दुपारी जे ठरलं ते नॉर्मिंग. ते मैत्रीच्या शपथांनी झालं नाही, फार बारीक गोष्टींनी झालं. दर मंगळवारी अडीच ते चार लॅबमध्ये चौघेही बसणार. वेळ अशी, की निकिताची एसटी चुकू नये. प्रत्येक मोजणी एकाच वहीत, तारीख आणि मातीचा नमुना लिहून. काम अडलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत ग्रुपवर सांगायचं. अडल्याबद्दल कोणी बोलणार नाही, न सांगितल्याबद्दल बोलणार. मग त्यांनी धातू मातीला न लागणारा कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला. सिव्हिलच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये माती १०५ अंशांवर चोवीस तास वाळवली, एकेक किलोचे डबे भरले आणि त्यांत १००, २००, ३०० मिलिलिटर पाणी मिसळून आकडे घेतले. आता पाचशेचा अर्थ वहीत होता. वहीतला आकडा चुकला तर तो कोणा एकाचा राहत नव्हता, आणि टकमन यांच्या तिसऱ्या टप्प्याची कामाकडची बाजू हीच आहे: आपल्याला काय दिसतं ते मोकळेपणाने मांडणं आणि दुसऱ्याला काय दिसतं ते ऐकणं.

या टप्प्याला एक धोका चिकटलेला असतो आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. नुकतं जमलेलं मोडू नये म्हणून माणसं पुन्हा गप्प बसतात. नवव्या आठवड्यात पंप चालू-बंद, चालू-बंद असा थडथडू लागला. सायलीला ते दिसलं. फरहान आत्ता कुठे नीट बोलायला लागला आहे, उगाच कशाला, म्हणून ती आठवडाभर बोलली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा गट अगदी एकजीव वाटला असता. वाद थांबले आणि त्याबरोबर चुका सापडायच्याही थांबल्या, तर गट नॉर्मिंगमध्ये रुतला असं समजावं.

तो अडथळा निकिताने काढला. रिपोर्टसाठी वही उतरवून घेताना तिला दिसलं, की पाच मिनिटांत पंप अकरा वेळा सुरू झाला आहे आणि दर वेळी ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास आहे. तिने विचारलं, ‘चालू आणि बंद एकाच आकड्यावर कशाला? तिसाला चालू करू, पंचेचाळीसला बंद.’ फरहानने तिथल्या तिथे कोडमध्ये दोन मर्यादा टाकल्या, ओंकारने रिले तपासला, सायलीने पाणी ओतून पाहिलं. ‘कोड माझा, तू रिपोर्ट बघ’ असं कोणी म्हणालं नाही. परफॉर्मिंग ओळखायचं ते इथे. भूमिका आहेत, पण गरज पडेल तशा त्या हात बदलतात आणि माणसांमधली जुळवाजुळव हाच वेगळा उद्योग उरत नाही. या टप्प्यात वाद कमी झाले असतील असं वाटतं, पण या गटात ते उलट वाढले. सेन्सर किती खोल पुरायचा यावर त्यांची जोरदार बाचाबाची झाली आणि निकाल वहीने दिला.

एवढं सगळं क्रमाने घडलं म्हणून ते नेहमी असंच घडतं, असं मानू नये. टकमन यांनी वाचलेल्या निबंधांपैकी निम्म्याच्या आसपास मानसोपचाराच्या गटांवरचे होते आणि हा असमतोल त्यांनी स्वतःच नोंदवला होता. कार्यालयातल्या किंवा वर्गातल्या, तारखेला बांधलेल्या गटांना हा क्रम जसाच्या तसा लागू होईल, याची हमी त्या साहित्यात नव्हती. पुढे १९८८मध्ये कॉनी गर्सिक यांनी आठ गट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. त्यांत विद्यार्थ्यांचेही गट होते. कोणाकडे आठवड्याची मुदत, कोणाकडे सहा महिन्यांची. त्यांना टप्प्यांची पायरीवार चढण दिसलीच नाही. पहिल्याच बैठकीत एक पद्धत बसते, ती अर्ध्या मुदतीपर्यंत तशीच टिकते आणि बरोबर मध्यावर गट ती पद्धत टाकून नवी घेतो. मुदत सात दिवसांची असो की सहा महिन्यांची, वळण मध्यावरच.

आपल्या चौघांचं वळणही चौदातल्या सातव्या आठवड्यात आलं. वादळ ओसरलं म्हणून, की निम्मं सत्र संपल्याची धडकी भरली म्हणून? मला दुसरं कारण जास्त पटतं, कारण भांडणं पाचव्या आठवड्यातही तेवढीच होती आणि तेव्हा कोणी वही उघडली नव्हती. हे खरं असेल तर गाइडने चौथ्या आठवड्यात दिलेला ‘मिळून-मिसळून राहा’ हा उपदेश वाया जाणार, आणि बारीक प्रश्न विचारणारा रिव्ह्यू नेमका मध्यावर ठेवला तर तो लागू पडणार. अनेक ठिकाणी पहिला रिव्ह्यू फक्त विषयाचं नाव आणि सिनॉप्सिस पाहून उरकतात आणि खरी झाडाझडती सबमिशनच्या तोंडावर होते. तोवर वळायला जागा उरलेली नसते.

टकमन यांनी मेरी ॲन जेन्सन यांच्याबरोबर १९७७मध्ये पाचवा टप्पा जोडला, ॲडजर्निंग, म्हणजे पांगणं. व्हायवा झाला की गट पांगतो आणि पुढच्या सत्रात याद्या नव्या लागतात. समजा चौघांपैकी तिघे पुन्हा एकत्र आले आणि ओंकारच्या जागी नवा मुलगा आला. तिघांना वाटतं आपण थेट चौथ्या टप्प्यातून सुरू करू. नव्याला मंगळवारचा नियम ठाऊक नाही आणि वही का लिहायची तेही ठाऊक नाही. तिघे एकमेकांना अर्ध्या वाक्यात समजतात, म्हणून तो गप्प बसून ‘चालेल’ म्हणतो. नियम पाळून त्याला ते समजणार नाहीत. पंप अकरा वेळा का थडथडला होता, इथपासून त्याला सांगावं लागेल आणि त्याला नियम बदलायचा असेल तर तेही ऐकावं लागेल.