बिडी आणि सोरायसिसचा आकडा

समजा, कोल्हापूरचा पंचेचाळिशीतला एक रिक्षाचालक आहे. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि पाठीवर चंदेरी पापुद्र्यांचे लाल चट्टे. दिवसाला वीस बिड्या. डॉक्टर चट्ट्यांची लाली, जाडी, पापुद्रे आणि पसारा पाहून एक आकडा काढतात, त्याला ‘पासी’ म्हणतात. त्याचा आला १६. औषधाने तो ४ वर उतरला, म्हणजे ७५ टक्क्यांनी घटला, तर उपचार चांगला लागू पडला असं मानतात. तीन महिन्यांनी आकडा ८ वर अडकलेला. “गोळ्या तर वेळेवर घेतोय,” तो म्हणतो. “आणि बिड्या?” यावर तो नुसता हसतो.

असे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांना नवे नाहीत. दोष एकट्या बिडीचा असतोच असं नाही. वजन, दारू, चुकलेले डोस हेही तपासावं लागतं. पण बहुतेकांना धूर फुप्फुसांपुरताच वाटतो, म्हणून त्याची चौकशी शेवटी होते.

निरोगी त्वचेतली पेशी तळापासून वर यायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये ती काही दिवसांतच वर येते. ही घाई रोगप्रतिकारशक्तीच्या चुकीच्या निरोपांमुळे होते. तंबाखूच्या धुराने हेच निरोप देणाऱ्या पेशी चेकाळतात. महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं नेमके तेच निरोप अडवतात. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं, की सहा महिन्यांनी धूम्रपान करणाऱ्यांना या इंजेक्शनांचा गुण तुलनेने कमी येतो.

धुराचं नातं सगळ्यात उघड दिसतं ते तळहात-तळपायांवर पिवळसर पुटकुळ्या येणाऱ्या प्रकारात. यातले बहुसंख्य रुग्ण धूम्रपान करणारे असतात. ज्यांनी ते सोडलं, त्यांच्या पुटकुळ्या आणि लाली कमी झाल्याचं आढळलं आहे.

मात्र आज सोडलं म्हणून उद्या त्वचा नितळ होत नाही. अमेरिकेत सुमारे ७८ हजार परिचारिकांच्या पाहणीत, धूम्रपान करणाऱ्यांना सोरायसिस होण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी जास्त होता. सोडलेल्यांमध्ये तो ३७ टक्क्यांनी जास्त उरला. तो बरोबरीला यायला वीसेक वर्षं लागली.

म्हणून डॉक्टर ‘कमी करा’ऐवजी ‘तारीख ठरवून बंद करा’ म्हणतात, आणि त्वचेचं औषध तसंच चालू ठेवायला सांगतात. सोडल्यावर भूक वाढते आणि वाढलेलं वजनही सोरायसिसला पोसतं, म्हणून चहासोबतचं फरसाण त्याच दिवसापासून आवरायचं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: तंबाखू सोडवणाऱ्या बुप्रोपियॉन या गोळीने काहींचा सोरायसिस भडकल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना चट्टे आधीच दाखवावेत.

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतक्रमांक आहे १८००-११-२३५६. फोन मोफत लागतो.